आमच्या गुळाची गोष्ट एका वहीत आणताना

वहिनींचा गुळाचा व्यवसाय निपाणीजवळच्या आमच्याच गुऱ्हाळावर उभा आहे. गूळ त्या बघतात, त्याबद्दल बाहेर जे लिहिलं-बोललं जातं ते माझ्याकडे. गेल्या जूनमध्ये, हंगाम संपून रस उकळायच्या काहिली पालथ्या पडल्यावर, बेंगळुरूच्या एका दुकानदाराने फोनवर सरळ विचारलं, "पाकिटावर 1968 आहे, इन्स्टाग्रामवर तिसरी पिढी म्हणता, आणि मॅडम परवा स्टेजवर म्हणाल्या 2019 ला सुरू केलं. यातलं मी माझ्या फळीवर काय लिहू?" उत्तर आम्हा दोघांकडेही नव्हतं. त्यानंतर साडेचार महिने जे केलं ते क्रमाने लिहितो. घरातून सुरू झालेला व्यवसाय ज्यांचा आहे, त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

पहिलं काम कंटाळवाणं होतं, पण तेच सगळ्यात उपयोगी पडलं. आपल्याबद्दलचा मजकूर जिथे जिथे आहे तिथून तो जसाच्या तसा उचलून एका एक्सेल शीटमध्ये चिकटवायचा. सुधारायचा नाही, शुद्धलेखनही नाही. पाकीट, वेबसाईट, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप बिझनेस, गुगलवरची दुकानाची नोंद, वहिनींचं स्वतःचं लिंक्डइन, दुकानदारांना जाणारा कॅटलॉग, प्रदर्शनातला बॅनर, दोन ऑनलाइन बाजारांतली पानं, बँकेला दिलेली प्रकल्पाची माहिती, गुंतवणूकदारांसाठीच्या स्लाइड्स. या आणि अशाच आणखी, एकूण 14 जागा निघाल्या. त्यांत सुरुवातीची वर्षं चार होती: 1968, 1974, 2019 आणि 2021. गावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांचं, जिल्ह्याचंही दोन तऱ्हांचं. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी झालं, पण आमचे निम्मे फॉर्म जुन्या सवयीनेच भरलेले. ते तेव्हाच ठरवून टाकलं: इंग्रजीत परवान्यावर जे स्पेलिंग आहे तेच सगळीकडे, आणि मराठी मजकुरात आपण बोलतो तसं बेळगाव.

मग मुलाखती. घरच्याच माणसांच्या मुलाखती घ्यायला लाज वाटते, पण त्याला पर्याय नाही. वहिनींबरोबर तीन बैठका झाल्या, मामांबरोबर दोन (मामा म्हणजे वहिनींचे सासरे, माझे वडील), आणि गूळ शिजवणाऱ्या गुळव्याबरोबर एक, तीही गुऱ्हाळावरच बसून. फोनवर रेकॉर्डिंग केलं आणि नंतर शब्दन्‌शब्द उतरवून काढलं. पहिल्या बैठकीत मी विचारलं, "हा व्यवसाय का सुरू केलात?" वहिनींनी दहा ठिकाणी सांगितलेलं तेच सांगितलं: पुण्यातली नोकरी, शहराचा कंटाळा, मातीची ओढ. संस्थापकाची गोष्ट वारंवार सांगून गुळगुळीत झालेली असते आणि "का" विचारलं की तीच बाहेर येते. दुसऱ्या बैठकीत प्रश्न बदलले. कोणत्या दिवशी? समोर कोण होतं? हातात काय होतं? किती रुपये? तेव्हा वेगळंच निघालं. एका हंगामात मामांनी गुळव्याला हायड्रोस पावडर घालू दिली नाही. गूळ गडद उतरला आणि सौद्यात पिवळ्या गुळापेक्षा कमी दराने गेला. सौद्याच्या हिशेबाची पट्टी हातात घेऊन मामा घरी आले आणि वहिनींनी विचारलं, "चव चांगली असून दर कमी कसा?" मामा म्हणाले, "दर रंगाला असतो गं, गुळाला कुठे?"

गोष्ट ही होती, आणि ती 14 पैकी एकाही जागी नव्हती.

गूळ न करणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. उसाचा रस काहिलीत उकळताना वर येणारी मळी काढावी लागते. त्यासाठी भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात, आणि चुन्याची निवळीही थोडी वापरतात. हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. ते घातलं की गूळ पिवळाधमक दिसतो, पण गंधकाचा अंश मागे राहतो आणि साठवणीत तो रंग पुन्हा काळवंडत जातो. सौद्याच्या दिवशी मात्र पिवळ्याचीच चलती. त्यामुळे गडद रंग हा आमच्या मालाचा दोष नसून त्याची ओळख आहे, हे गिऱ्हाइकाला समजलं तरच पाकीट विकलं जातं. नोकरी सोडल्याची गोष्ट हे काम करत नाही. ती वहिनींबद्दल सांगते, गुळाबद्दल काहीच नाही. ती आम्ही दोनच जागी ठेवली, लिंक्डइन आणि गुंतवणूकदारांच्या स्लाइड्स, कारण तिथे वाचणाऱ्याला माणूसच बघायचा असतो.

जुलैचा पूर्ण महिना वहीत गेला. शीटलाच घरात "वही" म्हणायला लागलो. रकाने पाच: विधान, पुरावा, सांगणारा, कुठे वापरायचं, शेवटचं कधी तपासलं. गोष्टीतलं प्रत्येक वाक्य सोडवून त्याची सुटी विधानं केली आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक शेरा मारला: कागद आहे, आठवण आहे, आधार नाही. एका वाक्यात बहुधा तीन-चार विधानं दडलेली असतात. "1968 पासून आमच्या शेतातल्या उसापासून पारंपरिक पद्धतीने केलेला शुद्ध, केमिकल-फ्री कोल्हापुरी गूळ" हे आमचं लाडकं वाक्य. याची सहा विधानं झाली, आणि त्यातलं एकही जसंच्या तसं टिकलं नाही.

1968 घ्या. आजोबांनी गुऱ्हाळ घातलं ते साल मामा सांगतात. जमिनीचा उतारा काढला, पण त्यात ऊस दिसतो, गुऱ्हाळ दिसत नाही. ट्रंकेत जुन्या आडत पट्ट्या सापडल्या, त्यातली सगळ्यात जुनी 1981 ची. 1974 कुठून आलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. बहुतेक बॅनर छापणाऱ्याच्या फाईलमधून. 2019 म्हणजे वहिनींनी पहिली गुळाची पावडर करून बघितली ते वर्ष, आणि 2021 म्हणजे अन्न परवाना आणि जीएसटी क्रमांक मिळाले ते. म्हणजे एक साल सोडलं तर खोटं कोणीच बोलत नव्हतं, प्रत्येक जण वेगळ्या गोष्टीची सुरुवात सांगत होता. ठरलं ते असं: पाकिटावर साल नाही. लांब गोष्टीत "घरचे सांगतात, गुऱ्हाळ 1968 चं, आमच्याकडची सगळ्यात जुनी पट्टी 1981 ची आहे". व्यवसायाचं वर्ष विचारलं की 2021, कारण कागद कोणी मागितला तर तोच दाखवता येतो. आठवण सांगायला हरकत नाही, फक्त ती आठवण म्हणून सांगायची.

"आमच्या शेतातल्या उसापासून" हेही गेलं. मागणी वाढल्यावर शेजारच्या दोन शेतकऱ्यांचा ऊस आम्ही घेतो. गाळप आमच्याकडेच होतं, म्हणून विधान झालं "आमच्या गुऱ्हाळात केलेला". पुढे कधी दुसऱ्याच्या गुऱ्हाळातून तयार गूळ घ्यायची वेळ आली तर हेही बदलावं लागेल, आणि तशी टीप वहीत त्या ओळीपुढे लिहिलेली आहे.

"केमिकल-फ्री" वरून मात्र चांगलीच खडाजंगी झाली. वहिनींचा तो आवडता शब्द, आणि स्टॉलवर तोच चालतो हेही खरं. पण चुन्याची निवळी वापरतो म्हटल्यावर हा दावा आपणच आपल्या तोंडाने खोडून काढतो. "भावजी, लोकांना चुना म्हणजे केमिकल वाटत नाही," असं त्यांचं म्हणणं. एखाद्या गिऱ्हाइकाने काहिलीजवळ उभं राहून व्हिडिओ केला तर काय सांगायचं, हे माझं. शेवटी न केलेली गोष्ट नाव घेऊन सांगायची ठरली: "हायड्रोस न घालता". हे तपासता येतं. गंधकाच्या अंशासाठी नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला. खर्च 2,400 रुपये, अहवाल नऊ दिवसांनी. त्यात "आढळला नाही" असं आलं, पण त्याचा अर्थ शून्य असा होत नाही, त्या पद्धतीने मोजता येईल इतका नाही असा होतो. शिवाय अहवाल त्या एका घाण्याचा असतो. म्हणून "गंधक 0 टक्के" असं कुठेही लिहिलं नाही, आणि हंगामात दर दोन महिन्यांनी नमुना पाठवायचा असं वहीत टाकलं.

"शुद्ध" आणि "पारंपरिक" या शब्दांना अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांत अटी आहेत. ते नियम एकदा बसून वाचा, फार मोठे नाहीत. "पारंपरिक" म्हणायचं तर कृती किंवा प्रक्रिया पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आणि मुळात न बदललेली असावी लागते. आमच्या गुळाच्या रव्यांना, म्हणजे ढेपांना, हे लागू पडतं. पावडर ड्रायरमध्ये वाळवून यंत्रावर चाळलेली असते, तिला नाही पडत. म्हणजे एकच गोष्ट दोन मालांवर सरसकट चिकटवता येत नाही. हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

राहिलं "कोल्हापुरी". आमच्याकडे मोह होणं साहजिक आहे. कोल्हापूर इथून तासाभराच्या अंतरावर, गूळही वर्षानुवर्षं तिथल्याच सौद्याला गेलेला. पण कोल्हापुरी गुळाला 2014 पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि आपला गूळ कर्नाटकातला. नाव लावायचं नाही, विषय संपला. गंमत अशी की चपलांचं उलट आहे. 2019 ला कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या मानांकनात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे कर्नाटकातले चार जिल्हेही आहेत. म्हणजे इथल्या चप्पल कारागिराने रीतसर नोंदणी केली तर तो अभिमानाने कोल्हापुरी म्हणू शकतो, गूळवाला नाही. सीमाभागात गोष्ट लिहिणाऱ्याने हे आधी तपासावं.

ऑगस्टमध्ये लिहायला बसलो. वहीत टिकलेल्या विधानांतून आधी एकच वाक्य केलं, त्याला आठ दिवस लागले: "बाजारात गुळाला रंगावर दर मिळतो, आम्ही हायड्रोस न घालता गडद गूळ करतो, आणि तो गडद का आहे हे सांगून विकतो." यात आधी अडचण आहे, मग आम्ही काय करतो ते, आणि मग गिऱ्हाइकाला काय मिळतं ते. या तीन गाठी कुठल्याही जागी, कितीही शब्दांत, याच क्रमाने यायला हव्यात. शब्द बदलले तरी चालतील. पूर्वी आम्ही नेमकं उलटं करत होतो: शब्द तेच, म्हणजे सगळीकडे "मातीची ओढ", आणि माहिती दर जागी निराळी.

त्या वाक्यावरून दोन लांबीच्या प्रती केल्या, साधारण 60 शब्दांची आणि साधारण 300 शब्दांची. छोटीत पट्टी घेऊन आलेले मामा आणि त्यांचं ते वाक्य. मोठीत त्याबरोबर मळी कशी काढतात, 1968 आणि 1981 ची गोष्ट, आणि पावडर कशी आली. बाकी सगळ्या जागांचा मजकूर या दोन प्रतींतून कापायचा, नवा लिहायचा नाही. असं केलं की तीन महिन्यांनी कोणी घाईत काही लिहिलं तरी गोष्ट भरकटत नाही.

कापताना अक्षरांची मर्यादा नडते, आणि देवनागरीत ती जास्त नडते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे सहसा वेगवेगळे वर्ण म्हणून मोजले जातात. "गुऱ्हाळ" डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, मोजणीत सात होतात. इन्स्टाग्रामच्या ओळखीला 150 वर्ण मिळतात, व्हॉट्सॲप बिझनेसच्या वर्णनाला 512, गुगलच्या नोंदीला 750. इन्स्टाग्रामसाठी आम्ही हे ठेवलं: "निपाणीजवळचा गडद गूळ. हायड्रोस न घालता. रंग का गडद, ते विचारा." 61 वर्ण झाले, म्हणजे पत्ता आणि फोनला जागा उरली. गुगलच्या वर्णनात किमती, सवलती आणि लिंक चालत नाहीत, तिथे 60 शब्दांची प्रतच थोडी कापून घातली. एसएमएस करणार असाल तर लक्षात ठेवा, इंग्रजीत एका संदेशात 160 वर्ण मावतात, मराठीत 70. त्यात गोष्ट बसत नाही. आम्ही तिथे नुसतं "गडद गूळ आला" एवढंच पाठवतो.

"मी" आणि "आम्ही" यांचाही नियम लागला. आधी वेबसाईटवर दोन्ही एकाच परिच्छेदात होते. आता वहिनींच्या स्वतःच्या खात्यावर "मी", बाकी सगळीकडे "आम्ही". आणि काहिलीशी जे चालतं ते सांगताना कर्ता गुळव्या. पाकाची चाचणी बघायचं कसब त्याच्या हातात आहे, वहिनींनी "मी गूळ करते" म्हणणं बरं दिसत नव्हतं. त्याचा फोटो आणि नाव वापरायला मराठीत एक पानभर संमतीपत्र केलं आणि त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हाताचा फोटो लावा, नाव नको." तसंच केलं. संमती तोंडी घेऊ नका. पुढच्या हंगामात माणूस दुसऱ्या गुऱ्हाळावर गेला की फोटोवरून वाद होतात.

सप्टेंबरमध्ये कन्नड. दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं हा राज्याचा नियम आहे, त्यामुळे पाटी तशीच केली. पण बाकीचा कन्नड मजकूरही आम्हाला हवाच होता, निम्मं गिऱ्हाईक कन्नड बोलतं. पहिल्या खेपेला चूक झाली. 300 शब्दांची मराठी प्रत भाषांतराला दिली, 3,000 रुपये गेले, आणि परत आलं ते व्याकरणशुद्ध पण परकं. गुऱ्हाळाला "आलेमने" केलं होतं. शब्द बरोबर, पण आमच्या चिकोडीकडच्या गिऱ्हाइकांच्या तोंडी "गाण". मामांचं वाक्य तर पुस्तकी झालं होतं. मग दुसऱ्या खेपेला मराठी प्रत दिलीच नाही. वहीतली विधानं आणि तीन गाठी दिल्या, आणि गावातल्याच एका कन्नड शिक्षिकांना तोंडी गोष्ट सांगून त्यांच्या शब्दांत लिहायला सांगितलं. ते लिहिलेलं तिसऱ्या माणसाने मला मराठीत सांगितलं आणि मी वहीशी ताडून बघितलं. एका ठिकाणी "न घालता" चं "कधीच न घातलेला" झालं होतं. आजोबांच्या काळाबद्दल आम्ही असं म्हणू शकत नाही, ते दुरुस्त केलं.

सगळ्यात महागात पडलं पाकीट. आमची पाकिटं ग्रॅव्युअरवर छापलेली, म्हणजे प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर. जुन्या डिझाइनमध्ये गोष्ट दोन रंगांत होती, त्यामुळे एक शब्द बदलायचा तरी दोन सिलिंडर नवे. या वेळी सगळा मजकूर एकट्या काळ्या रंगात घेतला. पुढे शब्द बदलले तर एकच सिलिंडर बदलेल. आता काळ्याचा नवा सिलिंडर 4,200 रुपयांना पडला, आणि जुन्या रंगाचा सिलिंडरही अक्षरं काढून नवा करून घ्यावा लागला. शिल्लक 1,100 पाकिटांवर "केमिकल-फ्री" आणि "कोल्हापुरी" दोन्ही होतं, ती फेकली. साडेचार रुपयांचं एक, म्हणजे 4,950 रुपये. वहिनींनी ती पाकिटं दोन दिवस दारात ठेवली होती, टाकवत नव्हती.

राहिलं बोलणं. स्टेजवर आणि फोनवर वहिनी काय बोलतात यावर शीटचा ताबा नसतो. पाठांतर करून बघितलं, ते वाईट ऐकू येतं. त्याऐवजी एका कार्डावर तीन गाठी आणि एक आकडा, 2021, एवढंच लिहून दिलं. दीड मिनिट लावून पाच वेळा सांगायचं, दर वेळी वेगळ्या शब्दांत. चौथ्या-पाचव्या वेळेला ते स्वतःचं होतं.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात 14 जागांपैकी 12 बदलून झाल्या. प्रत्येक जागेपुढे एक नाव आहे, मजकूर बदलायची जबाबदारी कोणाची ते. "सगळ्यांची" लिहिलं की कोणाचीच नसते. दर तीन महिन्यांनी गुगलवर आपल्या नावापुढे "1968" आणि "केमिकल" टाकून शोधायचं, हेही वहीत आहे. पहिल्याच शोधात एका चुलतभावाचा जुना रील निघाला. दोन ऑनलाइन बाजारांपैकी एकाने पान बदललं, दुसऱ्याकडे तक्रार टाकून आज पाच आठवडे झाले, तिथे अजून कोल्हापुरी गूळच विकला जातोय.

दिवाळीच्या प्रदर्शनात नवा बॅनर लावला, साल नसलेला. मामा हौसेने स्टॉलवर येऊन बसले. एका बाईंनी विचारलं, "किती जुनं हो तुमचं गुऱ्हाळ?" मामा म्हणाले, "चौसष्ट सालचं." वहिनींनी माझ्याकडे बघितलं, फोन काढला आणि वहीत नवी ओळ टाकली: 1964, सांगणारा मामा, शेरा आठवण.